आरडीच्या पासबुकाचा फोटो आलाय? आधी हे तपासा

घरच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टाच्या आरडी पासबुकाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "बघ रे, किती झाले?" तर थेट शेवटच्या शिलकेवर जाऊ नका. आधी पहिल्या पानाचाही फोटो मागवा. खातं उघडल्याची तारीख, हप्ता आणि मुदत संपण्याची तारीख तिथेच सापडते.

एक उदाहरण घेऊ. खातं १० जून २०२४ रोजी उघडलं, हप्ता १,००० रुपये. फोटोतली शेवटची नोंद नोव्हेंबर २०२५ ची आणि शिल्लक १७,००० रुपये. शिलकेला हप्त्याने भागलं की १७ हप्ते येतात. (भागाकार पूर्ण आला नाही, तर शिलकेत व्याज किंवा दुसरी एखादी रक्कम मिसळली आहे. मग जमेच्या ओळी एकेक मोजा.) पण जून २०२४ ते नोव्हेंबर २०२५ हे १८ महिने होतात. म्हणजे एक हप्ता कमी आहे.

आता तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवा. समजा, ऑगस्ट २०२५ ची ओळच नाही. खातं १५ तारखेच्या आत उघडलेलं असेल तर दर महिन्याचा हप्ताही १५ पर्यंत भरावा लागतो. चुकलेल्या हप्त्याला दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड, म्हणजे इथे महिन्याला १० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण चार हप्ते थकले की खातं खंडित होतं आणि ते सुरू करायला दोनच महिने मिळतात.

एजंटकडे पैसे देत असाल, तर त्यांच्या कार्डावरची सही पुरेशी समजू नका. पासबुकात ऑगस्टची नोंद नसेल, तर पासबुक घेऊन पोस्टाच्या काउंटरवरच विचारा.

व्याजाचं काय? जून २०२४ मध्ये पोस्टाच्या आरडीचा दर ६.७ टक्के होता आणि खातं उघडतानाचा दर पाचही वर्षं तोच राहतो. त्या दराने १,००० रुपयांवर महिन्याला साधारण ५.५८ रुपये पडतात. पहिला हप्ता १८ महिने राहिला, दुसरा १७, शेवटचा एक. त्यांची बेरीज १७१. ऑगस्टचा हप्ता राहिला असता तर ४ महिने, ते वजा केले की १६७. गुणिले ५.५८, म्हणजे सुमारे ९३२ रुपये. व्याज दर तिमाहीला चक्रवाढ होतं, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्त निघेल.

सगळे ६० हप्ते वेळेवर भरले, तर जून २०२९ मध्ये सुमारे ७१,३६६ रुपये मिळतील: ६०,००० तुमचे, ११,३६६ व्याज. हप्ता २,००० असेल तर दुप्पट. मात्र तीन वर्षांनंतर खातं मुदतीआधी बंद केलं, अगदी एक दिवस आधी जरी, तरी व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. म्हणून वरचे ९३२ रुपये आज हातात आले असं धरू नका.

आणि हो, तो फोटो ग्रुपवर टाकायचा असेल तर खाते क्रमांक झाका.