नावातलं प्रश्नचिन्ह

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आइकचं एक चित्र आहे. त्याच्या नावातच प्रश्नचिन्ह आहे: ‘जोव्हान्नी (?) आर्नोल्फिनी आणि त्याची पत्नी’. चित्राचा आणि शेजारच्या पाटीचा फोटो मी नववीतल्या भाचीला पाठवला आणि पाटीवरच्या मजकुराचं मराठी करून दिलं. त्यात ते चिन्ह जसंच्या तसं ठेवलं. तिने लगेच विचारलं, “मावशी, हा माणूस कोण ते म्युझियमवाल्यांनाच माहीत नाही?”

आडनाव माहीत आहे. आर्नोल्फिनी हे इटलीतल्या लुक्का शहराचे व्यापारी. आज बेल्जियममध्ये असलेल्या ब्रुज शहरात ते भारी कापडाचा धंदा करत. पण या घराण्यात जोव्हान्नी नावाचे दोन चुलतभाऊ होते. बरीच वर्षं चित्रातलं जोडपं म्हणजे त्यांच्यातला एक आणि त्याची बायको जोव्हान्ना असंच मानलं जाई. मग कागदपत्रांत त्या दोघांच्या लग्नाचं साल सापडलं: १४४७. चित्र १४३४चं, आणि चित्रकार वारला १४४१ साली. तेव्हापासून अभ्यासकांचा कल दुसऱ्या भावाकडे आहे, पण ठाम पुरावा नाही. म्हणून ते चिन्ह. मराठी करताना ते गाळलं असतं तर वाक्य वाचायला गुळगुळीत झालं असतं आणि खोटंही.

सालाबद्दल मात्र शंका नाही. ते चित्रातच लिहिलेलं आहे. मागच्या भिंतीवर, गोल आरशाच्या वर, वळणदार अक्षरांत लॅटिन वाक्य आहे: यान व्हॅन आइक येथे होता, १४३४. ‘याने हे रंगवलं’ असं त्यात म्हटलेलं नाही. तो काळ भाचीच्या ओळखीचा व्हावा म्हणून सांगितलं, की तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्य होतं आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला जवळपास दोनशे वर्षं होती.

तंत्राबद्दल पाटीवर इतकंच असतं: ओकच्या फळीवर तैलरंग. तिथे थांबावं लागतं, कारण चित्राची सगळी करामत त्यातच आहे. त्याआधी युरोपात फळीवर रंगवताना रंग बहुधा अंड्याच्या बलकात कालवत. तो झटकन वाळतो, म्हणून छटा बारीक रेघांनी उभ्या कराव्या लागत. तेलातला रंग सावकाश वाळतो, त्यामुळे एक छटा दुसरीत विरघळवता येते. शिवाय तो अगदी पातळ, पारदर्शक लावता येतो. फळीवर आधी खडूचा पांढरा थर असतो आणि त्यावर रंगाचे असे पातळ थर एकावर एक चढतात. उजेड त्यांतून आत शिरतो, पांढऱ्या थरावर आपटून परत येतो, आणि बाईचा हिरवा झगा आतून उजळल्यासारखा दिसतो. तैलरंग व्हॅन आइकने शोधले ही जुनी दंतकथा आहे. ते आधीपासून होते, त्याने त्यांच्याकडून अपूर्व काम करून घेतलं.

“ती गरोदर आहे ना?” हा तिचा पुढचा प्रश्न. पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो. बाईने झग्याचा भरपूर घेर हाताने पोटाशी उचलून धरला आहे, ती त्या काळची फॅशन. व्हॅन आइकनेच रंगवलेली संत कॅथरीन ही कुमारिका संतसुद्धा अशीच दिसते.

प्रतीकांपाशी मला सगळ्यात जपून बोलावं लागलं. कुत्रा म्हणजे निष्ठा, दिवसाउजेडी झुंबरात जळणारी एकच मेणबत्ती म्हणजे देवाची साक्ष, आणि अख्खं चित्र म्हणजे लग्नाचा दाखला, असं एर्विन पानोफ्स्की या अभ्यासकाने १९३४ साली मांडलं. ते फार गाजलं. पुढे अवरक्त किरणांनी रंगाखालचं मूळ रेखाटन पाहिलं, तर त्यात ना कुत्रा होता, ना झुंबर. दोन्ही रंगवता रंगवता आले. अर्थ आधी ठरवून या वस्तू मांडल्या, हे म्हणणं त्यामुळे डळमळीत होतं, पण पुरतं खोटंही ठरत नाही. दुसरं मत असं, की जळती मेणबत्ती नवऱ्याच्या बाजूला आहे आणि बाईच्या बाजूला विझून गेलेलीचे अवशेष, म्हणजे हे मृत पत्नीच्या आठवणीत काढलेलं चित्र असावं. आरशाच्या चौकटीवर ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूची दहा इवली चित्रं आहेत. मृत्यूनंतरचे प्रसंग बाईच्याच बाजूला येतात, हा या मताचा आधार. मला हे मत जास्त पटतं. तरी भाचीला लिहिताना पाटीवरचं एका परिच्छेदात ठेवलं आणि ‘काहींच्या मते’ने सुरू होणारं सगळं दुसऱ्यात.

खिडकीपाशी ठेवलेल्या संत्र्यांवर मात्र वाद घालायची गरज नाही. उत्तरेच्या थंडीत ती लांबून आणावी लागत, म्हणजे घरात पैसा होता.

चित्र जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे फोनच्या फोटोत आरसा म्हणजे नुसता ठिपका. गॅलरीच्या वेबसाइटवर NG186 हा या चित्राचा क्रमांक शोधला की ते मोठं करून पाहता येतं. तिने तसं केलं तेव्हा आरशात दारातून आत येणारी दोन माणसं दिसली, एक निळ्या कपड्यात, एक लाल. त्यांच्यातला एक चित्रकारच असेल का, असं तिने विचारलं. वरच्या वाक्यामुळे पुष्कळांना तसं वाटतं, असं मी तिला कळवलं.