१६० वरून थेट ७०: एसएमएसच्या मापाची चाळीस वर्षं

१९८५ साली जर्मनीतल्या बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून त्यांतली अक्षरं मोजत होते. मोबाइलवरून लेखी निरोप पाठवायची सोय घडवताना तो निरोप किती लांब असावा, हे त्यांना ठरवायचं होतं. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांच्या आत संपतात, असं त्यांना दिसलं. हे निरोप कॉल जोडण्याचे संकेत वाहणाऱ्या वाहिनीतून जाणार होते आणि तिथे जागा बेताचीच होती: एका निरोपाला १४० बाइट. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणजे एकूण ११२० बिट झाले. एका अक्षरावर ७ बिट खर्चले की त्यात बरोबर १६० अक्षरं बसतात.

७ बिटांत १२८ खुणा मावतात. त्या यादीत इंग्रजी अक्षरं, आकडे, युरोपातली काही स्वरचिन्हांची अक्षरं आणि ग्रीकची काही मोठी अक्षरंही आली. बाकी जगाच्या लिप्यांसाठी दुसरी सोय केली गेली. तिचं नाव UCS-2, आणि तिच्यात प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात. ११२० ला १६ ने भागलं की ७० येतात.

कोणती लिपी-यादी वापरली आहे, हे प्रत्येक एसएमएसच्या माथ्यावरचा एकच बाइट सांगतो. तिथे `00` असेल तर ७ बिटांची यादी, `08` असेल तर UCS-2. हा शेरा अख्ख्या निरोपाला लागू असतो, एकेका अक्षराला वेगळा देता येत नाही. इंग्रजी निरोपात एक इमोजी टाकला की मर्यादा १६० वरून थेट ७० वर का येते, याचं मर्म मला इथेच दिसतं. इमोजी स्वतः फार जागा खातो असं नाही. त्याच्यासाठी शेरा बदलावा लागतो आणि मग शेजारचं साधं `a` सुद्धा ७ ऐवजी १६ बिट अडवून बसतं.

३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी पहिला एसएमएस पाठवला, तेव्हा युरोपच्या या योजनेत इमोजीचा विचारही नव्हता. जपानी कंपन्यांनी पुढे आपापल्या फोनवर ही चित्रं आणली, पण जगभर चालेल असे क्रमांक बहुतेक इमोजींना २०१० मध्ये, युनिकोड ६.० मध्ये मिळाले. तोवर १६ बिटांत मावणाऱ्या ६५,५३६ जागांपलीकडे युनिकोड पसरलं होतं आणि नव्या इमोजींपैकी बहुतेकांना त्या पलीकडच्याच जागा मिळाल्या. त्यामुळे 🙏 १६ बिटांच्या एका घरात बसत नाही. त्याचे `D83D` आणि `DE4F` असे दोन तुकडे होतात आणि तो ७० पैकी २ घरं घेतो. चार माणसांचं कुटुंब दाखवणारा 👨‍👩‍👧‍👦 तर ११ घरं घेतो, कारण त्यात चार चित्रं आणि त्यांना सांधणाऱ्या तीन अदृश्य खुणा असतात.

समजा, एखाद्या सोसायटीने सभेची इंग्रजी सूचना लिहिली आणि ती १५८ अक्षरांची झाली. ती एका एसएमएसमध्ये जाते. सचिवांनी शेवटी 🙏 जोडला की एकूण १६० घरं होतात, पण मर्यादा आता ७० ची असते. निरोप तोडावा लागतो आणि तोडलेल्या प्रत्येक भागाला माथ्यावर ६ बाइटांची चिठ्ठी लागते: हा कोणत्या निरोपाचा भाग, एकूण भाग किती, यातला कितवा. उरलेल्या १३४ बाइटांत ६७ घरं बसतात. म्हणून ६७, ६७ आणि २६ असे तीन भाग होतात. फोन ते जुळवून एकच निरोप दाखवतो, त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही. घाऊक एसएमएसचं बिल मात्र भागांवर लागतं. ५०० सभासदांना पाठवलं की ५०० ऐवजी १५०० एसएमएसचे पैसे भरावे लागतात.

इमोजी निदान डोळ्यांना दिसतो. वर्डमधून चिकटवलेलं वळणदार अवतरणचिन्ह `’` हाच घोळ गुपचूप करतं. २०१० मध्ये आलेलं `₹` हे चिन्हही ७ बिटांच्या यादीत नाही, आणि `Rs.` लिहिलं तर १६० ची मर्यादा टिकते. फोनवर लिहिताना अक्षरमोजणी दिसत असेल, तर अशी खूण पडताच उरलेल्या अक्षरांचा आकडा धाडकन खाली येतो. शेवटची खूण पुसून तो परत वर चढला, तर दोषी सापडला.

मराठीत लिहिणाऱ्याला हा धक्का बसत नाही, कारण त्याचा निरोप पहिल्या अक्षरापासून ७० च्याच मापात असतो. साध्या इमोजीने त्याची दोन घरं जातात, एवढंच. त्याची खरी अडचण वेगळी आहे. ‘उद्या पाणी येणार नाही’ यात डोळ्यांना नऊ अक्षरं दिसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त आणि मधल्या तीन मोकळ्या जागा सुट्या मोजल्या की २१ घरं भरतात. २००९ च्या सुमारास हिंदीसह अनेक भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे तक्ते प्रमाणात घेतले गेले. ते वापरले तर देवनागरी निरोपही दीडशेच्या पुढे जाऊ शकतो, पण त्यासाठी पाठवणारा, मधली यंत्रणा आणि घेणारा फोन या तिघांनाही तो तक्ता ठाऊक असावा लागतो. त्यामुळे देवनागरी एसएमएस आजही सर्रास UCS-2 मधूनच जातात.