प्रीमियमवरून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी कशी काढतात?

ब्लॅक-शोल्स सूत्रात व्होलॅटिलिटी घातली की ऑप्शनची किंमत मिळते. पण किमतीवरून व्होलॅटिलिटी थेट काढून देणारे सूत्र नाही. म्हणून अंदाज घेऊन तो सुधारत जावे लागते. व्होलॅटिलिटी वाढली की किंमतही वाढतेच, त्यामुळे उत्तर असल्यास ते एकच असते.

समजा, शेअरचा भाव आणि स्ट्राइक दोन्ही १००० रुपये, मुदत तीन महिने, व्याज व लाभांश शून्य आणि कॉलचा बाजारातील प्रीमियम ५० रुपये आहे. पहिला अंदाज २० टक्के धरला, तर सूत्रानुसार किंमत ३९.८८ रुपये येते, म्हणजे १०.१२ रुपये कमी. व्होलॅटिलिटी एका टक्क्याने वाढल्यास किंमत किती बदलते, हे ‘वेगा’ सांगतो. इथे तो १.९९२ रुपये आहे. १०.१२ ला १.९९२ ने भागल्यास ५.०८ येतात. नवा अंदाज २५.०८ टक्के. त्याने किंमत ४९.९९ रुपये येते आणि शोध जवळजवळ संपतो. ही न्यूटन-राफसन पद्धत.

स्ट्राइक भावापासून फार दूर असेल, तर वेगा शून्याजवळ जातो आणि भागाकार अंदाजाला भलतीकडे, कधी ऋण आकड्याकडेही, फेकतो. अशा वेळी १ ते २०० टक्के अशी कक्षा धरून ती दर फेरीत निम्मी करतात. उत्तर या कक्षेत असेल, तर १५ फेऱ्यांत ते टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंत मिळते.

व्याज व लाभांश शून्य असताना प्रीमियम अंगभूत मूल्यापेक्षा कमी असेल, तर उत्तरच नसते. तेव्हा आधी भाव शिळा नाही ना, हे तपासावे.