झोक्याची फांदी, पट्टा आणि गाठ

नागपंचमीच्या सुमारास गावोगाव आंबा, चिंच, वड यांच्या फांद्यांना झोके लागतात. दोर फांदीवरून टाकायचा, दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि खाली फळी अडकवायची, एवढीच बहुतेक ठिकाणची रीत. असा झोका चार दिवसांत उतरवला जातो म्हणून ती रीत चालून जाते. पण अंगणात मुलांसाठी वर्षभर झोका ठेवायचा असेल, तर फांदी, तिला धरणारा पट्टा, दोराची गाठ आणि वजनाची चाचणी यांचा नीट विचार करावा लागतो.

सुरुवात वजनापासून करावी. मूल ३० किलोचे असेल तर स्थिर बसल्यावर दोरावर ३० किलोचाच भार येतो. झोका चढला की हिशेब बदलतो. खाली येताना दोराला मुलाचे वजन पेलायचे असतेच, शिवाय वेगात सरळ जाऊ पाहणाऱ्या शरीराला गोल वाटेवर ओढून धरायचे असते. म्हणून झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत चढत असेल, तर तळाशी येताना भार वजनाच्या दुप्पट होतो. दोर जमिनीला समांतर होईपर्यंत चढला, तर तिप्पट. म्हणजे ३० किलोचे मूल ९० किलोचा भार आणू शकते. झोक्यावर कधी ना कधी दोन मुले बसतातच, हे धरले तर १८० किलो. हाच आकडा पुढे उपयोगी पडतो. दोर समांतरच्याही वर गेला तर तो मध्येच सैल पडतो आणि परत ताणताना हिसका बसतो. त्या हिसक्याचा भार आधी सांगता येत नाही, म्हणून इतका उंच झोका चढवू देऊ नये.

फांदी निवडताना जाडी सर्वांत महत्त्वाची. जाडी दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धची ताकद आठपट होते. १० सेंटीमीटर जाड फांदीपेक्षा २० सेंटीमीटरची फांदी आठपट भार घेते. दोर बांधायच्या जागी निदान २० सेंटीमीटर जाडी हवी. ती शिंप्याच्या टेपने मोजता येते: घेर ६३ सेंटीमीटर भरला म्हणजे जाडी २० सेंटीमीटर. खोडापासून अंतर जितके जास्त, तितका फांदीच्या बुंध्यावरचा ताण जास्त. तरी अगदी खोडाजवळ बांधले तर मूल खोडावर आपटेल. दीड मीटर हा बरा मध्य. फांदी शक्य तितकी आडवी असावी. उतरती असेल तर झोक्याचे दोन दोर कमी-जास्त लांबीचे होतात आणि झोका सरळ न जाता तिरका फिरतो.

झाडाची जातही पाहावी लागते. चिंच, आंबा, कडुनिंब यांची जाड, निरोगी फांदी विश्वासाची. शेवग्याची फांदी दिसायला भरदार पण ठिसूळ असते. गुलमोहराचा विस्तार झोक्यासाठीच केल्यासारखा वाटतो, पण पावसाळ्यात रस्त्यावर कोण पडलेले असते हे शहरातल्या कुणालाही विचारावे.

चांगल्या जातीच्या झाडातही ती विशिष्ट फांदी निरोगी हवी. टोकापर्यंत पाने आहेत का, हे आधी बघावे. ज्या फांदीचा शेंडा वाळला आहे ती सोडून द्यावी. साल सुटलेली, बुरशीची छत्रीसारखी वाढ आलेली किंवा भेग असलेली फांदीही नको. आंब्याला खोडकिड्याचा उपद्रव असतो. फांदीला भोके आणि त्यांखाली लाकडाचा भुसा किंवा चिकट स्राव दिसला, तर आतून पोखरण झालेली असते. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत गेले, तर भरीव लाकडाचा आवाज भरलेला येतो आणि पोकळ जागी तो बदलतो. ही परीक्षा ढोबळ आहे, पण आवाज बदललाच तर ती फांदी नको, एवढे सांगायला पुरेशी आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तो सांधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारकाईने पाहावा. रुंद कोनात निघालेल्या फांदीच्या बुंध्याशी लाकडाचा फुगवटा असतो. तो मजबुतीची खूण. दोन जाड फांद्या इंग्रजी व्हीसारख्या चिकटून निघाल्या असतील आणि त्यांच्या बेचक्यात साल आत दबली असेल, तर तिथे लाकूड लाकडाला जोडलेलेच नसते. असा सांधा वर्षानुवर्षे उभा राहतो आणि एक दिवस उभा चिरतो.

आता पट्टा. दोर सरळ फांदीला बांधला तर दोन्हींचे नुकसान होते. झोक्याच्या प्रत्येक फेरीत दोर सालीवर घासतो, स्वतः झिजतो आणि साल कापत जातो. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतच असतो. घट्ट वेढ्याने तो चारी बाजूंनी दबला की वेढ्याच्या पलीकडची फांदी हळूहळू कमजोर होते. रुंद पट्ट्यात भार पसरतो. यासाठी सामान उचलायला वापरतात तो पॉलिएस्टरचा पट्टा, म्हणजे स्लिंग, उत्तम. तो मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याची दोन्ही टोके घडी घालून शिवलेली असतात आणि त्यावर किती भार उचलता येतो त्याचे लेबल असते. जांभळा पट्टा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, हा रंगांचा सर्वमान्य संकेत आहे. झोक्याला जांभळा पुष्कळ झाला. ट्रकवर माल आवळायचा जुना, उन्हाने विटलेला, कडेने उसवलेला पट्टा मात्र घेऊ नये.

पट्टा फांदीवरून घ्यायचा, त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या शिवलेल्या फासातून ओवायचे आणि खाली ओढायचे. फास फांदीला धरतो, त्यामुळे पट्टा सरकत नाही. या पद्धतीत पट्ट्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. एक टनाचा पट्टा ८०० किलोचा झाला असे समजावे. दोन दोरांसाठी दोन पट्टे, आणि त्यांच्यातले अंतर फळीच्या लांबीपेक्षा थोडे जास्त, म्हणजे ५० सेंटीमीटरच्या फळीला ६० सेंटीमीटर. त्यामुळे झोका कमी पिळतो. पट्ट्याच्या खालच्या फासात शॅकल किंवा स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर अडकवायचा. शॅकलची पिन हलत्या झोक्यात हळूहळू उलगडते, म्हणून तिच्या डोळ्यातून तार ओवून ती बांधून टाकावी. उघड्या तोंडाचा एस हुक इथे कामाचा नाही.

दोर १२ मिलिमीटर जाडीचा असावा. चांगल्या प्रतीचा असा पॉलिएस्टरचा दोर सुमारे दोन टनांवर तुटतो. गाठीत दोर वळतो आणि आतल्या-बाहेरच्या तंतूंवर सारखा ताण राहत नाही. त्यामुळे तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद गाठीतच जाते. उरलेला एक टनही १८० किलोपुढे पाचपटीहून अधिक आहे, आणि भार दोन दोरांत वाटला जातो तो वेगळा. हाच दोर ६ मिलिमीटरचा घेतला तर ताकद चौथ्या हिश्शावर येते, आणि उन्हातान्हात ती आणखी घटते. बाजारातला स्वस्त रंगीत पॉलीप्रॉपिलीनचा दोर उन्हात सर्वांत लवकर कुजतो. त्यावर गाठही घसरते.

शॅकलमध्ये दोर बांधण्यासाठी बरेच लोक बोलाइन ही गाठ सुचवतात. ती सुटायला सोपी असते, आणि इथे हाच तिचा दोष आहे. ताण सुटून पुन्हा येत राहिला की बोलाइन ढिली पडू शकते, आणि झोक्यात ताण दर फेरीला कमी-जास्त होतो. त्यापेक्षा गिर्यारोहकांची फिगर ऑफ एट ही गाठ बरी. दोराचे टोक मीटरभर मोकळे सोडून आधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एकेरी गाठ घालायची. मग टोक शॅकलमधून ओवायचे आणि पहिल्या गाठीच्या वाटेनेच उलट मागे आणायचे. जिथे दोर वळला असेल तिथे तेही वळेल. पूर्ण झाल्यावर गाठीत सगळीकडे दोन दोर शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढता दिसले पाहिजेत. अशा पाच जोड्या मोजता येतात. चार भरल्या तर वाट कुठेतरी चुकली आहे. चारही बाजूंनी ओढून गाठ आवळावी आणि वीतभर टोक बाहेर ठेवावे.

खाली फळीला दोन्ही कडांना दोन-दोन भोके पाडतात. दोर पुढच्या भोकातून खाली, फळीच्या बुडाखालून मागच्या भोकातून वर घेऊन, हातभर उंचीवर मुख्य दोराला वळसा घालून त्याच गाठीने बंद करायचा. फळी जमिनीपासून ४० ते ४५ सेंटीमीटरवर येईल असे मोजावे, पण थोडे वरच ठेवावे. नव्या गाठी आवळल्या आणि दोर ताणला की ती खाली उतरतेच.

मूल बसण्याआधी वजनाची चाचणी. एक उदाहरण घेऊ. अंगणातल्या आंब्याची फांदी जमिनीपासून ३ मीटरवर आहे, खोडापासून दीड मीटरवर तिचा घेर ६६ सेंटीमीटर, म्हणजे जाडी २१. अपेक्षित भार १८०, म्हणून २०० किलो चढवायचे ठरते. त्याला वाळूने भरलेली ५० किलोची चार पोती लागतात. चाचणीपुरते दोर लांब सोडून पोती जमिनीपासून चार बोटेच वर टांगावीत, म्हणजे काही तुटले तरी ती पडणार कुठे. फांदीखाली कुणी उभे राहू नये.

फांदी किती वाकली हे फळीच्या उंचीवरून मोजू नये. दोर ताणतो, गाठी बसतात, आणि फांदी वाकल्याचा भास होतो. पट्ट्यांच्या मध्ये फांदीलाच बारीक सुतळीने ओळंबा बांधावा आणि शेजारी जमिनीत रोवलेल्या काठीवर त्याच्या टोकाची खूण करावी. एकेक पोते लावत प्रत्येक वेळी नवी खूण करायची. समजा, पहिल्या पोत्याला ओळंबा ५ मिलिमीटर उतरला, दुसऱ्याला आणखी ५, तिसऱ्याला आणखी ५, तर फांदी सरळ हिशेबाने वाकते आहे. चौथ्याला एकदम १५ उतरला, तर आत काहीतरी सुटते आहे, तिथेच थांबावे. चारही पोती पंधरा मिनिटे राहू द्यावीत आणि या वेळात खूण हळूहळू खाली सरकते का, सांध्याकडून बारीक कडकड ऐकू येते का, याकडे लक्ष द्यावे. पोती उतरवल्यावर ओळंबा पहिल्या खुणेवर परत आला पाहिजे. नाही आला, तर लाकूड कायमचे वाकले आहे आणि ती फांदी बाद. शेवटी एकच पोते फळीवर बांधून दुरून दोरीने ओढून झोका द्यावा आणि पट्टे सरकतात का ते पाहावे.

झोक्यापुढे आणि मागे फांदीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे या उदाहरणात ६ मीटर जागा मोकळी हवी. खाली फरशी नको. वीतभर वाळू किंवा लाकडाचा ढलपा असावा. ओढणी, गळ्यातला दोरा काढून ठेवूनच मुलाने बसावे.

दर महिन्याला गाठी, शॅकलची पिन आणि दोराचा फळीला घासणारा भाग हाताने चाचपावा. वादळी पावसानंतर सांधा पुन्हा पाहावा; भिजलेल्या पानांचे आणि फळांचे वजन झोक्याच्या भारात मिळत असते. फांदी दरवर्षी जाड होते, म्हणून उन्हाळ्यात पट्टे सोडून, दाबल्या जागेपासून तळहातभर बाजूला सरकवून, नव्याने बांधावेत, आणि एक पोते कमी न करता तीच चाचणी पुन्हा घ्यावी.