जीनोमिक्सच्या नोकरीचे कव्हर लेटर: अभ्यासक्रमातले काम कसे मांडावे

जनुकीय चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत जीनोमिक्स डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या जीवशास्त्राच्या पदवीधराकडे नोकरीचा अनुभव बहुधा नसतो. हाताशी असतो तो अभ्यासक्रमातला एक विषय, व्हेरिएंट अ‍ॅनालिसिस, आणि त्यात केलेला एखादा प्रकल्प. त्यामुळे अर्जासोबतच्या कव्हर लेटरची सारी भिस्त या एका परिच्छेदावर असते.

व्हेरिएंट म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या डीएनएमध्ये संदर्भ जीनोमापेक्षा वेगळी असलेली जागा. कुणाचाही संपूर्ण जीनोम वाचला तर असे साधारण ४० ते ५० लाख फरक सापडतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. अ‍ॅनालिस्टचे काम दोन पायऱ्यांचे असते. यंत्राने वाचलेल्या तुकड्यांतून, म्हणजे रीड्समधून, खरे फरक ओळखायचे आणि मग त्या ढिगातून रुग्णाच्या तक्रारीशी संबंध असू शकणारे मोजके वेगळे काढायचे. पत्र वाचणारा प्रयोगशाळाप्रमुख एवढेच शोधत असतो की या दोन पायऱ्यांवर चूक कुठे होते हे उमेदवाराने स्वतः पाहिले आहे का.

बहुतेक पत्रांत यावर एक ठरावीक वाक्य असते: “मला बीडब्ल्यूए, सॅमटूल्स, जीएटीके आणि व्हीईपी यांचे ज्ञान आहे.” हे वाक्य खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही. शिक्षकांनी दिलेल्या कागदावरून चार आज्ञा टंकल्या की ही चारही साधने एका प्रात्यक्षिकात चालवून होतात. आज्ञा चालली एवढ्यावरून उत्तर बरोबर आले असे ठरत नाही.

त्याऐवजी असा परिच्छेद कल्पून पाहा. प्रत्यक्षात तो इंग्रजीत लिहिला जाईल. आशय मराठीत असा:

“व्हेरिएंट अ‍ॅनालिसिसच्या विषयात आमच्या चौघांच्या गटाने HG001 या सार्वजनिक नमुन्याच्या २०व्या गुणसूत्रावर काम केले. रीड्स GRCh38 या संदर्भाशी जुळवून व्हेरिएंट काढले आणि ते ‘जीनोम इन अ बॉटल’च्या प्रमाणित यादीशी ताडले. ताडणीचा भाग माझ्याकडे होता. एका अक्षराचे बदल जवळपास सगळे सापडले, पण अक्षरे वाढण्या-गळण्याचे बदल तुलनेने जास्त सुटले. सुटलेल्या जागा मी आयजीव्हीमध्ये उघडून पाहिल्या, तेव्हा एकच अक्षर ओळीने पुन्हापुन्हा येणाऱ्या पट्ट्यांत त्या अधिक होत्या.”

HG001 हा अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका महिलेच्या पेशींपासून तयार झालेला नमुना आहे. तिथल्या मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘जीनोम इन अ बॉटल’ गटाने त्यातले फरक वेगवेगळ्या तंत्रांनी तपासून यादी केली आहे. म्हणून त्यावर केलेल्या प्रकल्पाचे उत्तर पडताळता येते. शिवाय एकच अक्षर लागोपाठ आले की तुकडा नेमका कुठे बसवायचा याबद्दल संगणकाचा गोंधळ होतो, हे खरोखर घडणारे आहे. पट्ट्यांचा उल्लेख वाचताच जाणकार थांबतो. गटातला आपला वाटा सांगणेही गरजेचे आहे, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे “९९ टक्के अचूकता मिळवली” असे लिहिणे. जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत आणि बहुतेक जागी फरकच नसतो. एकही व्हेरिएंट न शोधणारा प्रोग्रामसुद्धा या हिशेबाने ९९ टक्क्यांच्या वर ‘अचूक’ ठरेल. म्हणून आकडे दोन द्यावे लागतात: खऱ्या फरकांपैकी किती सापडले आणि सापडलेल्यांपैकी किती खरे निघाले. तेही एका अक्षराच्या बदलांसाठी आणि वाढ-घटीसाठी वेगळे. प्रमाणित यादी जीनोमच्या कठीण भागांबद्दल मुळात मौन बाळगते, हेही उमेदवाराला ठाऊक असावे.

दुसऱ्या पायरीवर मात्र जीवशास्त्राच्या पदवीधराची बाजू भक्कम असते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे उदाहरण घेता येईल. त्याला कारण असलेला बदल व्हीसीएफ फाइलमध्ये असा दिसतो (काही रकाने गाळले आहेत; रीड्सचे आकडे नमुन्यादाखल):

```
chr11  5227002  rs334  T  A  GT:AD  0/1:17,15
```

ही ओळ सांगते की त्या जागी १७ रीड्समध्ये मूळ T आहे आणि १५ मध्ये A. प्रमाण जवळपास निम्मे-निम्मे असल्याने 0/1, म्हणजे एका प्रतीत बदल, हा निष्कर्ष पटतो. एवढ्यावरून ही व्यक्ती या बदलाची वाहक ठरते. तेच आकडे ३० आणि २ असते तर 0/1 वर डोळे मिटून विश्वास ठेवता आला नसता. पाठ्यपुस्तकात मात्र हाच बदल A चा T झाला असा सापडतो. दोन्ही बरोबर आहेत. बीटा ग्लोबिनचे जनुक उलट्या धाग्यावर वाचले जाते आणि व्हीसीएफ नेहमी सरळ धागा लिहिते, म्हणून अक्षरे पूरक दिसतात. जुन्या पुस्तकांत सहाव्या अमिनो आम्लाचा बदल म्हटलेला हाच फरक आजच्या पद्धतीत सातव्याचा ठरतो, कारण आता सुरुवातीचे मेथिओनिनही मोजले जाते.

त्यातून आणखी एक सापळा निघतो. GRCh37 या जुन्या संदर्भात हीच जागा 5248232 आहे, म्हणजे २१,२३० अक्षरांनी पुढे. नव्या संदर्भावर काढलेली यादी चुकून जुन्या संदर्भाच्या माहितीसाठ्याशी जोडली, तर कार्यक्रम तक्रार न करता चालू शकतो आणि ओळखीचे बदल निमूटपणे गायब होतात. यादीतले मूळ अक्षर संदर्भातल्या त्या जागेच्या अक्षराशी जुळते का, एवढे पाहिले तरी घोटाळा उघड होतो. `bcftools norm` ही तपासणी करून देते. प्रकल्पात असा प्रसंग आला असेल आणि उमेदवाराने तो कसा पकडला हे दोन वाक्यांत सांगितले, तर ते साधनांच्या लांबलचक यादीला भारी पडते.

पत्रात मर्यादाही यावी, फार तर एका वाक्यात. एका गुणसूत्रावर केलेले काम म्हणजे रुग्णाचा अहवाल नव्हे. शिवाय अभ्यासक्रमातली नेहमीची पद्धत छोटे बदल शोधते. अल्फा थॅलसेमियात अनेकदा सुमारे ३.७ हजार अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो आणि तो या पद्धतीने बहुधा हुकतो, कारण शेजारची दोन जनुके जवळजवळ सारखी आहेत. “मी आजाराचे निदान केले” असे लिहिणाऱ्याचा अर्ज अनुभवी वाचक बाजूला ठेवतो. “वर्गीकरणाचे निकष वापरून पाहिले, अहवाल दिलेला नाही” असे लिहिणाऱ्याला तो बोलावण्याची शक्यता अधिक.

बाकी पत्राला फार जागा लागत नाही. पहिल्या परिच्छेदात पदाचे नाव आणि जाहिरातीतली एखादी नेमकी गरज, मधे हा प्रकल्प, शेवटी कोड ठेवलेल्या जागेचा दुवा. सगळे एका पानात बसते. पाठवण्याआधी तो दुवा दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावा आणि त्यातल्या माहितीपत्रकात कोणता संदर्भ जीनोम वापरला हे लिहिले आहे ना, याची खात्री करून घ्यावी.