पाच दिवस, फक्त पाहण्यासाठी

डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचं असतं. त्याचे कागद कॉलेजच हलवतं. ऑब्झर्व्हरशिपचं तसं नाही. रुग्णालयाच्या औषध विभागात चार-पाच दिवस उभं राहून काम पाहायचं, कशालाही हात लावायचा नाही, अशी ही सोय मुलांनी स्वतः पत्र लिहून मागायची असते. आणि बहुतेक पत्रं तिथेच फसतात. ‘आपल्या नामांकित संस्थेत अनुभव मिळावा’ एवढंच लिहिलं, तर विभागप्रमुखाने या मुलाला नेमकं कुठे उभं करायचं?

बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी आहे असं धरू. तिचं पत्र असं असू शकतं:

‘महोदया, वॉर्डातून इंडेंट आल्यापासून औषध वॉर्डात पोहोचेपर्यंतचा प्रवास मला पाहायचा आहे. त्यातही पोटॅशियम क्लोराइडसारखी जोखमीची इंजेक्शनं कुठे ठेवतात, देताना कोण तपासतं आणि नोंद कशी होते, हे समजून घ्यायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत सलग पाच दिवस, सकाळी ९ ते १ मी येऊ शकते. मी औषध हाताळणार नाही, रुग्णाला सल्ला देणार नाही, चिठ्ठ्यांचे फोटो काढणार नाही. प्राचार्यांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे.’

पोटॅशियमचं उदाहरण तिने उगाच घेतलेलं नाही. १५ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं. विरळ न करता थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. त्यात काही कंपन्यांची अँप्यूल इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या अँप्यूलसारखीच दिसते. म्हणून अनेक रुग्णालयं ती सर्वसाधारण वॉर्डात ठेवतच नाहीत. फार्मसीत वेगळ्या कप्प्यात, ठळक लेबल लावून ठेवतात आणि देताना दुसरा माणूसही तपासतो. वर्गात हा धोका शिकवला जातो. पण वॉर्डातून घाईचा फोन आला असताना ही दुहेरी तपासणी पाळली जाते का आणि कशी, हे काउंटरमागे उभं राहिल्यावरच कळतं.

फोटोंबद्दलचं वाक्य मला पत्रातलं सर्वांत कामाचं वाटतं. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव आणि आजार दोन्ही असतात, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला आत घेताना प्रमुखांना पहिली धास्ती मोबाइलचीच असते. ती पत्रानेच दूर केली, तर होकार देणं सोपं जातं.

तारखा मात्र विचार करून मागाव्यात. मार्चअखेर साठामोजणी चाललेली असते, तेव्हा पाहुणा कुणालाच नको असतो. उत्तर आलं नाही, तर आठवड्याने दुपारी, सकाळचे इंडेंट उरकल्यावर, पत्राची प्रत घेऊन समक्ष जावं. पाच दिवस जमत नसतील, तर दोन मागावेत. एक इंडेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला तेवढे पुरतात.