टपरीवरचा भाव आणि सराफाचा भाव

वर्तमानपत्रात छापलेला सोन्याचा भाव म्हणजे घरातील दागिन्यांची त्या दिवशीची किंमत, हा समज मध्यमवर्गीय घरांत इतका रुजलेला आहे की तो समज आहे हेच बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. जळगावसारख्या सराफीसाठी नावाजलेल्या शहरातील एका निवृत्त कारकुनाची कल्पित कथा घेतली, तर या समजाचे सारे पदर उलगडून पाहता येतात. हे गृहस्थ रोज सकाळी चहाच्या टपरीवर येतात, टपरीवाल्याकडून पेपर मागून घेतात आणि आधी भावाची चौकट पाहतात. मग पत्नीच्या बांगडीच्या वजनाला त्या आकड्याने गुणून, भाव चढला असेल तर दुसरा कटिंग सांगतात.

त्यांच्या या गुणाकारात पहिली चूक शुद्धतेची आहे. चौकटीतील ठळक आकडा सहसा 24 कॅरेटच्या, म्हणजे चोख सोन्याच्या 10 ग्रॅमचा असतो (जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आता बाजारात तोळा म्हणजे 10 ग्रॅमच धरतात), तर बांगडी 22 कॅरेटची असते, म्हणजे तिच्या दर हजार भागांत सोने 916 भाग आणि उरलेले तांबे-चांदी यांसारखे धातू असतात. शिवाय सकाळचा छापील भाव आदल्या दिवशीचा असतो, आणि चहा संपेपर्यंत सराफाचे दुकान उघडलेलेही नसते.

कथेत पुढे नातवाच्या शिक्षणासाठी पैशांची गरज पडते आणि काका बांगडी घेऊन सराफाकडे जातात. हिशेब सोपा जावा म्हणून असे धरू की ती 10 ग्रॅमची बांगडी त्यांनी चोख सोन्याचा भाव 1,00,000 रुपये असताना घेतली होती. तेव्हा सोन्याचे 91,600 रुपये झाले, त्यावर 12 टक्के घडणावळ, म्हणजे कारागिरीची मजुरी, 10,992 रुपये लागली आणि या एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी धरून बिल सुमारे 1,05,670 रुपयांवर गेले. आता मोड देताना, म्हणजे जुना दागिना विकताना, घडणावळ आणि कर यांपैकी काहीच परत मिळत नाही; उलट सांध्यांतील डाग, मळ आणि वितळताना होणारी तूट यांसाठी सराफ घट धरतो. ही घट 2 टक्के मानली, तर भाव खरेदीच्या दिवसाइतकाच असताना हातात सुमारे 89,770 रुपये पडतात. दिलेले पैसे जेमतेम परत मिळण्यासाठीच भाव जवळजवळ 18 टक्क्यांनी चढून 1,17,700 च्या आसपास जावा लागतो. काका मात्र भाव एक लाखाच्या वर सरकला त्या सकाळपासूनच स्वतःला नफ्यात समजत आले होते, आणि या कथेतील खरा विनोद, आणि थोडी करुणाही, येथेच आहे.

टपरीवरील दुसरा सार्वत्रिक सिद्धांत असा की लग्नसराई आली की सराफच भाव चढवतात. स्थानिक मागणीने भाव थोडाफार वरखाली होतो हे खरे. परंतु भारताला लागणारे बहुतेक सोने आयात होत असल्याने मूळ भाव ठरतो तो आंतरराष्ट्रीय बाजारातील डॉलरमधील किमतीवर, रुपयाच्या विनिमय दरावर आणि आयात शुल्कावर. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात हे शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले गेले आणि देशातील भाव त्याच दिवशी हजारोंनी उतरला. त्याला ना मुहूर्त कारण होता, ना सराफांची मर्जी.

सोने कधीच उतरत नाही, हेही तितकेसे खरे नाही. 2011 च्या सप्टेंबरात ते औंसाला (31.1 ग्रॅम) 1,900 डॉलरच्या आसपास होते, 2015 च्या डिसेंबरात 1,050 डॉलरच्या जवळ आले आणि जुनी पातळी ओलांडायला 2020 उजाडले. रुपया घसरत गेल्यामुळे भारतीय ग्राहकाला या उताराची झळ कमी बसली इतकेच.

म्हणून ज्याला सोने पुढेमागे विकायचेच आहे, त्याने नक्षीच्या बांगडीपेक्षा वेढणी किंवा नाणे घेणे शहाणपणाचे, कारण त्यावर मजुरी फार थोडी पडते. आणि घरातील दागिन्याची किंमत जाणून घ्यायची असेल, तर पेपर मिटून सराफाला तीन गोष्टी विचाराव्यात: टंच, म्हणजे तपासणीत निघणारी शुद्धता, किती आहे, आजचा मोडीचा भाव काय आहे आणि घट किती धरणार.